एका युनिटला चौतीस हजार रुपये : ग्राहक व्यवहार विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार
आणि
मा. नियंत्रक, वैध मापन शास्त्र, महाराष्ट्र राज्य

विषय : पेन्सिल सेलच्या पाकिटावर ऊर्जा आणि ऊर्जेचा दर छापण्याबाबत

महोदय,

सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम करते. आमच्याकडे वर्गात शिकवायला सहा कॉर्डलेस माईक आहेत. प्रत्येकात दोन पेन्सिल सेल लागतात आणि ते आणायचे, बदलायचे, टाकून द्यायचे काम माझ्याकडे आहे. यंदा मी चार्जिंगच्या सेलची मागणी टाकली आणि खरेदी समितीने ती नामंजूर केली. तीन दरपत्रके टेबलावर होती. साधा सेल 18 रुपये, अल्कलाइन 45 रुपये, चार्जिंगचा 250 रुपये आणि वर चार्जरचे 900. शेरा असा आला : "प्रति नग किमान दर स्वीकारावा." शेऱ्यावर मी काय बोलणार? पाकिटावरसुद्धा दर प्रति नगच छापलेला होता, आणि तो तसा छापावा असे आपलाच नियम सांगतो.

म्हणून हे पत्र आमच्या समितीला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

डबाबंद वस्तूंच्या 2011 सालच्या नियमांत 2021 साली दुरुस्ती झाली आणि पाकिटावर एककाचा विक्रीदर छापणे आले. चांगली गोष्ट झाली. तेलाचा दर लिटरला कळतो, साखरेचा किलोला कळतो. पाकीट लहान की मोठे, या चलाखीला गिऱ्हाईक फसत नाही. मात्र जी वस्तू मोजून विकली जाते तिचा दर नगाला छापायचा. पेन्सिल सेल या खणात पडला. पण सेल घेणाऱ्याला नग कशाला हवा असतो? त्याला त्या पत्र्याच्या नळीत भरलेली वीज हवी असते. नगाने सेल विकणे म्हणजे तेलाच्या डब्यावर "दर प्रति डबा" छापण्यासारखे आहे, आणि त्यातही डब्यात तेल किती ते न सांगता.

ही वीज मोजता येते, त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. मी आमच्या प्रयोगशाळेत तीन प्रकारचे सेल मोजले. नव्या सेलला 10 ओहमचा रोध जोडला, दर पंधरा मिनिटांनी व्होल्टमीटरचे वाचन वहीत लिहिले आणि 0.9 व्होल्टला थांबले. आमचा माईक साधारण तेवढाच प्रवाह घेतो आणि त्याच सुमारास बंद पडतो, म्हणून हा रोध आणि हा आकडा. व्होल्टचा वर्ग भागिले रोध म्हणजे त्या क्षणाची शक्ती. ती वेळेने गुणून बेरीज करत गेले की सेलमधून आलेले वॅट-तास मिळतात. अकरावीच्या पुस्तकापलीकडचे यात काही नाही.

साधा, म्हणजे झिंक-कार्बन सेल, जेमतेम चार तास चालला. त्याने 0.53 वॅट-तास दिले. अल्कलाइन अठरा तास चालला, 2.5 वॅट-तास. चार्जिंगचा, निकेल-मेटल हायड्राइड, 2000 मिलिअँपिअर-तासांचा, सोळा तास चालला आणि 2.4 वॅट-तास देऊन थांबला.

आता हाच हिशेब घरच्या वीजबिलाच्या भाषेत मांडते. बिलावरचे एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. साध्या सेलमधून एक युनिट काढायला सुमारे 1,900 सेल लागतील. अठरा रुपयांनी ते चौतीस हजार रुपये झाले. अल्कलाइनचे 400 सेल लागतील, म्हणजे अठरा हजार रुपये. भिंतीवरच्या प्लगमधून तेच युनिट मी मोजायला सोपे म्हणून दहा रुपयांना धरते. समितीने "किमान दर" म्हणून जो सेल निवडला तो माईकमध्ये अल्कलाइनच्या जवळजवळ दुप्पट महाग आहे, आणि हे पाकिटावरून कुणालाही कळण्याची सोय नाही.

चार्जिंगच्या सेलचा दर काढणे थोडे किचकट आहे, कारण तो किती वेळा फिरतो यावर सगळे अवलंबून असते. पाकिटावर "हजार वेळा" वगैरे लिहिलेले असते. मी त्या आकड्यावर विसंबले नाही, आमचा माईकच हिशेबाला घेतला. दिवसाला चार तास, वर्षाला दोनशे दिवस. चार सेल घेतले : दोन माईकमध्ये, दोन चार्जरवर. एक जोडी चार दिवस चालते, म्हणजे वर्षाला पन्नास वेळा चार्जिंग, प्रत्येक जोडीच्या वाट्याला पंचवीस. चार वर्षांत प्रत्येक सेल शंभर वेळा फिरेल. तेवढ्यावर तो फेकून द्यायचा आणि चार्जरही त्याच्याबरोबर गेला असे समजायचे, असा हात आखडता धरून हिशेब केला. सेलचे हजार आणि चार्जरचे नऊशे, असे एकोणीसशे रुपये. चार वर्षांत त्यांनी माईकला दिलेली वीज साधारण 0.96 युनिट. म्हणजे युनिटला सुमारे दोन हजार रुपये.

आणि चार्जिंगला लागणारी वीज? खरेदी समितीतल्या एका ज्येष्ठ सरांना नेमकी हीच काळजी होती. प्लग आणि चार्जर यांच्यामध्ये मीटर लावून पाहिले. चार सेल पूर्ण भरायला 22 वॅट-तास लागतात आणि त्यांतून परत मिळतात साडेनऊच्या आसपास. निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत जाते. सेल भरत आला की हाताला गरम लागतो तो त्यामुळेच. ही उधळपट्टी आहे हे मान्य. पण दहा रुपये युनिटने तिची किंमत चार सेलना बावीस पैसे होते. वर सांगितलेल्या दोन हजार रुपयांत विजेचा वाटा वीस-पंचवीस रुपयांचा, बाकी सगळे सेल आणि चार्जर यांच्या खरेदीचे पैसे. म्हणून चार्जिंगचा सेल जितका जास्त फिरेल तितकी त्याची वीज स्वस्त होत जाते, आणि कपाटात पडून राहिला तर तो या तिघांत सगळ्यांत महाग ठरतो.

रुपयांत सांगायचे तर एका माईकला साधे सेल वर्षाला 7,200 रुपयांचे लागतात, अल्कलाइन चार हजारांचे. चार्जिंगचा संच एकदा एकोणीसशेला घ्यायचा आणि पुढच्या वर्षांत विजेचे पाच-सहा रुपये. असे सहा माईक आहेत.

माझी पहिली तक्रार आपल्या लक्षात आली असेल : एककाचा दर छापण्याचा नियम सेलच्या बाबतीत गिऱ्हाइकाला उलट दिशेला ढकलतो.

दुसरी तक्रार पाकिटावरच्या शब्दांची. साध्या सेलच्या पाकिटावर ऊर्जेचा एकही आकडा नसतो, पण "हेवी ड्यूटी" असे ठसठशीत छापलेले असते. हा शब्द ज्या झिंक क्लोराइडच्या सेलवर वर्षानुवर्षे छापला जातो, तो जड काम करण्यात अल्कलाइनच्या पासंगालाही पुरत नाही. माझ्या आईचे बीपी मोजायचे यंत्र चार पेन्सिल सेलवर चालते. पट्ट्यात हवा भरणारा छोटा पंप सुरू झाला की अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. शेजारच्या दुकानातून आणलेले "हेवी ड्यूटी" सेल दिवसाला दोन वेळा मोजून तीन आठवड्यांत संपले, म्हणजे यंत्राने तसे दाखवले. तेच "संपलेले" सेल मी स्वयंपाकघरातल्या घड्याळात घातले, आणि ते कित्येक महिने चालले.

यात जादू काही नाही. साध्या सेलमध्ये जस्ताचा डबा हाच ऋण ध्रुव असतो आणि आत ओलसर लगदा असतो. जोरात प्रवाह ओढला की सेलचा आतला रोध आडवा येतो, व्होल्टेज खाली बसते आणि यंत्राला वाटते सेल गेला. थोडी विश्रांती मिळाली की तो पुन्हा उठतो. लहानपणी रेडिओचे सेल उन्हात ठेवायचे ते याच भरवशावर. ऊब मिळाली की रासायनिक क्रियेला तात्पुरता वेग येतो. अल्कलाइनमध्ये जस्ताची भुकटी असते, तिचे पृष्ठफळ मोठे, म्हणून तो जास्त प्रवाह सोसतो. आईच्या यंत्राला एका मोजणीला सुमारे 0.025 वॅट-तास लागतात, हे मी पुरवठा यंत्रावर लावून पाहिले. 72 रुपयांच्या चार सेलनी बेचाळीस मोजण्या दिल्या. युनिटचा दर काढा : अडुसष्ट हजारांच्या पुढे जातो. त्याच ब्रँडचा तोच सेल घड्याळात घातला असता, तर पंधरा हजारांच्या आसपास पडला असता. एकच वस्तू, एकच छापील किंमत, आणि विजेच्या दरात चौपटीहून जास्त फरक.

आत काय आहे हे ओळखायची एकच खूण सेलवर असते, ती म्हणजे बारीक अक्षरातला सांकेतिक क्रमांक. आर-6 म्हणजे साधा, एलआर-6 म्हणजे अल्कलाइन, एचआर-6 म्हणजे चार्जिंगचा. माझ्या चष्म्यालाही तो पुष्कळदा दिसत नाही.

तिसरी तक्रार चार्जिंगच्या सेलवाल्यांची, कारण तेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. त्यांच्या पाकिटावर आकडा असतो, पण एकाच्या पाकिटावर मिलिअँपिअर-तास आणि दुसऱ्याच्या पाकिटावर मिलिवॅट-तास. दीड व्होल्टचे म्हणून जे नवे लिथियमचे सेल मिळतात त्यांच्यावर मोठ्या अक्षरात 3000 लिहिलेले असते, ते मिलिवॅट-तास. शेजारच्या निकेलच्या सेलवर 2000 असते, ते मिलिअँपिअर-तास. त्याला 1.2 व्होल्टने गुणले की 2400 मिलिवॅट-तास होतात. फरक सव्वापटीचा, पण दुकानात उभ्या माणसाला तो दीडपट दिसतो. आयुष्याच्या आकड्याचेही तसेच. "इतक्या वेळा चार्ज होतो" हे कोणत्या चाचणीत, दर वेळी सेल कितपत रिकामा करून, आणि क्षमता किती उरेपर्यंत मोजले, यातले काहीच पाकिटावर नसते. म्हणूनच मी हजारावर न जाता शंभर धरले.

इथे एक गैरसमजही दूर करते, कारण दुकानदार हमखास सांगतात की चार्जिंगचा सेल "एक पॉइंट दोनचाच" असतो, कमजोर असतो. अल्कलाइन दीड व्होल्टला सुरू होतो हे खरे, पण तो पहिल्या तासापासून घसरायला लागतो; माझ्या वहीत त्याची सरासरी 1.2 च्या आसपासच आली. निकेलचा सेल 1.2 ला जवळजवळ सपाट चालतो आणि शेवटी एकदम कोसळतो. अडचण येते ती वेगळीच. माईकवरचा सेलचा दिवा अल्कलाइनच्या घसरणीवर बेतलेला असतो, त्यामुळे निकेलच्या सेलवर तो अर्धाच दाखवत राहतो आणि मग सूचना न देता आवाज जातो. आमच्याकडे सर वर्गात निम्म्या वाक्यात गप्प होतात ते असे. काही जुनी यंत्रे 1.2 व्होल्टवर चालायलाच नकार देतात, तीही मी पाहिली आहेत.

मी सगळीकडे चार्जिंगचेच सेल वापरा असे म्हणत नाही, हेही इथे नोंदवते. भिंतीवरच्या घड्याळाला अठरा रुपयांचा साधा सेल वर्षभर पुरतो. तिथे अडीचशेचा सेल घातला तर चार्जर फुकट मिळाला असे धरूनही पैसे वसूल व्हायला चौदा वर्षे लागतील, आणि तितकी वर्षे तो सेल जगणार नाही. रिमोटचेही तसेच. माझ्या आकड्यांनुसार चार्जर धरून घेतलेला निकेलचा सेल अल्कलाइनच्या बरोबरीला यायला सुमारे अकरा वेळा फिरावा लागतो. चार्जर घरात आधीच असेल तर सहा वेळा. अकराचा आकडा वर्षभरात गाठणारी यंत्रे म्हणजे माईक, मुलांची खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, रोज वापरायची विजेरी. आईच्या बीपी यंत्राला मी शेवटी अल्कलाइन घेतले. त्या एका यंत्रासाठी चार्जरचा खर्च निघत नव्हता.

कोणता सेल कुठे, हे गिऱ्हाईक स्वतः ठरवील. पण ठरवायला आकडा हवा.

उत्पादक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. सेलमधून निघणारी ऊर्जा वापरावर अवलंबून असते, मग छापायची कोणती? पण पेन्सिल सेलच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी 60086 मध्ये, वेगवेगळ्या वापरांसाठी ठरलेल्या चाचण्या आहेतच : रिमोटची वेगळी, खेळण्याची वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी. कुठला रोध, किती वेळ जोडायचा, किती व्होल्टला थांबायचे, सगळे त्यात लिहिलेले आहे. मोजमाप होते, फक्त ते पाकिटापर्यंत पोचत नाही. फ्रिज कितीदा उघडला यावर त्याचीही वीज अवलंबून असते, तरी त्याच्या दारावर ताऱ्यांच्या पट्टीत वर्षाचे युनिट छापून येतात. युरोपीय संघाने चार्जिंगच्या सेलवर क्षमता छापणे 2010 सालच्याच नियमाने आणले. तिथल्या 2023 सालच्या बॅटरी नियमात एकदाच वापरायच्या सेलवर ठरावीक वापरांत तो किमान सरासरी किती वेळ चालतो ते छापण्याची आणि "चार्ज होत नाही" असे लिहिण्याची तरतूद आहे. तिथे जे छापता येते ते इथे न छापण्याला तांत्रिक कारण नाही.

चौथी गोष्ट थोडक्यात. साध्या सेलवर चालणारा एक माईक वर्षाला चारशे सेल खातो, वजनाने सुमारे सात किलो. चार्जिंगचे चार सेल मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आत, आणि तेही चार वर्षांना. 2022 सालच्या बॅटरी कचरा नियमांत सर्व प्रकारच्या बॅटऱ्या आल्या आणि त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली. आमच्या गावात ज्या दुकानातून मी सेल आणते तिथे जुने परत घ्यायला डबा नाही, कुठे द्यायचे ते पाकिटावर नाही. फुल्ली मारलेल्या कचराकुंडीचे चित्र मात्र असते. तो विषय आपल्या खात्याचा नाही, पण पाकिटावर काय छापावे हा आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

1. सेलच्या पाकिटावर एककाचा विक्रीदर प्रति नग न छापता प्रति वॅट-तास छापावा. दोन दर पुरेत : एक हलक्या वापराचा, घड्याळ किंवा रिमोटचा, दुसरा जड वापराचा, खेळणे किंवा कॅमेऱ्याचा.

2. चार्जिंगच्या सेलवर किमान क्षमता वॅट-तासांत छापावी, म्हणजे निकेल आणि लिथियम एका मापाने मोजता येतील. चार्ज होण्याची संख्या छापायची असेल तर ती कोणत्या चाचणीची आणि किती क्षमता उरेपर्यंतची, हे शेजारीच लिहावे.

3. "हेवी ड्यूटी", "सुपर", "लाँग लाइफ" असले शब्द जड वापराचा आकडा सोबत असल्याशिवाय छापू देऊ नयेत.

4. सेलचा प्रकार मराठीसह स्थानिक भाषेत, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात असावा : साधा, अल्कलाइन की चार्जिंगचा.

5. जुने सेल परत घेणारे जवळचे ठिकाण कसे शोधायचे, ते पाकिटावर असावे. त्यासाठी पर्यावरण मंत्रालयाशी आपण बोलावे.

6. सरकारी आणि अनुदानित संस्थांनी सेलची दरपत्रके प्रति वॅट-तास मागवावीत, अशी शिफारस आपल्या विभागाने संबंधित खात्यांना करावी. आमच्या समितीतली माणसे वाईट नाहीत. त्यांच्यापुढे जो आकडा ठेवला गेला, त्याच्यावर त्यांनी सही केली.

माझी वाचने तीन सेलची आहेत, एका रोधावरची आहेत, दुसऱ्या ब्रँडला ती थोडी वेगळी येतील हे मला समजते. तेवढ्यासाठीच ती अधिकृत प्रयोगशाळेत मोजली जावीत आणि छापली जावीत. माझी वही आणि मोजलेले तिन्ही सेल प्रयोगशाळेच्या कपाटात जपून ठेवले आहेत. वैध मापन शास्त्राचे निरीक्षक दरवर्षी आमच्या गावात तराजू तपासायला येतात. त्यांना या वेळी एक 10 ओहमचा रोध बरोबर आणायला सांगा. व्होल्टमीटर मी देईन.

आपली,
एक प्रयोगशाळा सहायक
जि. सांगली